उतारा गायब, उरले फक्त २०० शब्द

*ताई, मी यूपीएससीची तयारी करतेय. मेन्सच्या मराठीच्या पेपरसाठी एका पीडीएफमधून जुने सारांशलेखनाचे प्रश्न सोडवते. पण त्यातल्या बऱ्याच प्रश्नांत उताऱ्याच्या जागी नुसता रिकामा चौकोन आहे, फोटो उडालाय, आणि खाली फक्त "सुमारे २०० शब्दांत सारांश लिहा" एवढंच उरलंय. अभ्यासिकेतली मैत्रीण म्हणते, विषय अंदाजाने धर आणि २०० शब्द लिहून काढ, शब्दमर्यादेचा तरी सराव होईल. मी तसे काही लिहिलेत पण तपासायचे कसे तेच कळत नाही. हा सराव धरायचा का?*
*— एक वाचक, परभणी*

नाही गं, हा सराव धरू नकोस. तू जे लिहिलंस तो छोटा निबंध आहे, आणि तपासता येत नाहीये ते त्याचमुळे, कारण सारांश तपासायचा म्हणजे काय करायचं, तर मूळ उतारा शेजारी ठेवून बघायचं की लेखकाचं म्हणणं आलं का, त्यानं न म्हटलेलं काही घुसलं का. मूळच नसेल तर बघणार कशाशी ताडून? तुझी मैत्रीण म्हणते तसा शब्दमर्यादेचा सराव पण यातून होत नाही. स्वतःच्या डोक्यातून २०० शब्द लिहिताना तू २०० ला थांबतेस, बस. सारांशात ६०० शब्द समोर असतात आणि त्यातले ४०० सोडायचे असतात, आणि कुठले सोडायचे हे ठरवण्यातच सगळा घाम निघतो. ते ठरवणं तुझ्या सरावात आलंच नाही.

आता एक गोष्ट बघ, जी तुझ्या पीडीएफवर जरा शंका घ्यायला लावते. आयोगाच्या अलीकडच्या पेपरांत सारांशाच्या प्रश्नाला २०० असा आकडा नसतोच. तिथे लिहिलेलं असतं की उताऱ्याचा साधारण एक तृतीयांश शब्दांत सारांश करा, शीर्षक देऊ नका, स्वतःच्या शब्दांत लिहा. म्हणजे किती शब्द लिहायचे ते उतारा बघून तूच काढायचं. तुझ्या पीडीएफमधला २०० बहुतेक कुणीतरी प्रश्न परत टाइप करताना घातलाय, आणि उतारा टाइप करायचा कंटाळा म्हणून त्याचा फोटो डकवलाय, मग फाइल इकडून तिकडे फिरताना फोटो गळला आणि टाइप केलेलं तेवढं टिकलं. म्हणून सगळ्यात आधी मूळ पेपर काढ. upsc.gov.in वर मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका फुकट आहेत, सिव्हिल सर्व्हिसेस मेन्स, मग वर्ष, मग भाषांच्या सक्तीच्या पेपरांत मराठी. तिथे उतारा छापलेला असतो. अर्ध्या तासात तुझे बरेचसे रिकामे चौकोन भरतील, आणि जे त्या यादीत सापडणारच नाहीत ते बहुतेक आयोगाचे नव्हतेच, कुठल्यातरी क्लासच्या टेस्टचे होते असं समजून सोडून दे.

सोडून दे म्हटलं तरी त्या उरलेल्या आकड्याचा थोडा उपयोग आहे. एक तृतीयांश धरलं तर २०० म्हणजे मूळ उतारा सहाशेच्या आसपास होता. विषय काय होता, लेखक कुठल्या बाजूचा होता, यातलं काहीच त्या आकड्यातून कळत नाही, पण बदली उतारा केवढा घ्यायचा हे कळतं. ९०० शब्दांचा अग्रलेख घेऊन तो २०० मध्ये कोंबलास तर तो एक तृतीयांश राहत नाही, पाव पण राहत नाही, आणि मग तुला वाटणार की आपल्याला जमतच नाही, खरं तर गणितच चुकलेलं असतं.

बदली उतारा निवडताना बातमी घेऊ नकोस. बातमीत पहिल्या दोन ओळींत सगळं येऊन जातं आणि खाली फक्त तपशील लोंबतात, त्यामुळे ती कुठूनही कापली तरी सारांशासारखी दिसते. कथा किंवा आठवणीपण नकोत, त्यांत मुद्दा कमी आणि रंग जास्त. तुला हवा असा लेख ज्यात एक माणूस काहीतरी म्हणणं मांडतोय, मध्ये उदाहरणं देतोय, एखाद्या ठिकाणी "पण दुसरी बाजूही आहे" म्हणतोय आणि शेवटाकडे कुठेतरी पोचतोय. संपादकीय पानावरचा दुय्यम लेख किंवा जुन्या पाठ्यपुस्तकातला वैचारिक धडा चालेल. शब्द एकेक मोजत बसू नकोस, भरलेल्या चार-पाच ओळींतले शब्द मोज, सरासरी काढ, ओळींच्या संख्येने गुण. परीक्षेतही हेच करायचंय, म्हणून आतापासून असंच कर.

आता करून दाखवते. ६०० शब्दांचा उतारा इथे देत नाही, सदराची जागा तेवढी नाही, १२० शब्दांचा देते, म्हणजे सारांश ४० चा. उतारा माझाच आहे, परीक्षेत येतो तसल्या पुस्तकी भाषेत मुद्दाम लिहिलाय.

> गावातल्या सार्वजनिक विहिरीचे एक वैशिष्ट्य होते: तिच्यातले पाणी किती उरले आहे, हे पाणी भरायला येणाऱ्या प्रत्येकाला रोज दिसत असे. मार्च महिन्यात पायऱ्या उघड्या पडू लागल्या, की कोणीही न सांगता लोक हात आखडता घेत. उसाला पाणी देणारा शेतकरीसुद्धा शेजाऱ्याच्या नजरेला बिचकत असे. बोअरवेल आल्यावर हे चित्र पालटले. सहा इंच रुंदीच्या नळीत डोकावून पाणी दिसत नाही, आणि शेजाऱ्याने किती उपसले, हे तर मुळीच कळत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे तो दोनशे फुटांवरून चारशे फुटांवर जातो. ज्याच्याकडे नाही, त्याची बोअर कोरडी पडते, आणि त्याला वाटते की आपले नशीबच फुटके. बोअरवेल वाईट नाही. तिने अनेक गावांची तहान भागवली आहे. परंतु जे पाणी दिसत नाही, त्याचा हिशेब गावाने मिळून मुद्दाम ठेवावा लागतो, आणि ती सवय आपण अजून लावून घेतलेली नाही. तोवर प्रत्येकजण आंधळेपणाने उपसतच राहणार आहे.

यावर बहुतेक जण काय लिहितात ते आधी बघ, वह्या तपासताना हा नमुना सारखा समोर येतो.

> गावातल्या विहिरीचे पाणी रोज दिसत असे. मार्च महिन्यात पायऱ्या उघड्या पडल्या की लोक हात आखडता घेत. बोअरवेल आल्यावर हे चित्र पालटले. सहा इंचाच्या नळीत पाणी दिसत नाही. पैसा असलेला चारशे फुटांवर जातो, दुसऱ्याची बोअर कोरडी पडते, तो नशिबाला दोष देतो.

मोजून बघ, बरोब्बर ४० शब्द. एक कमी नाही एक जास्त नाही, आणि सारांश म्हणून हा फेल आहे. झालं काय, तर वरून एकेक वाक्य उचलत आणि छाटत गेलं, ४० भरले तिथे हात थांबला, आणि उताऱ्यातली शेवटची चार वाक्यं, जिथे लेखकाचं खरं म्हणणं आहे, ती बाहेरच राहिली. मार्च महिना आत आला, सहा इंच आत आले, चारशे फूट आत आले, आणि पाण्याचा हिशेब मात्र बाहेर. हा सारांश वाचणाऱ्याला वाटेल की लेखक जुन्या विहिरींच्या आठवणीत रमलाय आणि बोअरवेलवर चिडलाय. उलट तो स्वतः म्हणतोय की बोअरवेल वाईट नाही. फक्त आकड्याकडे बघून लिहिलं की हे असं होतं, आणि उताऱ्याशिवाय सराव करून नेमकी हीच आकड्याकडे बघायची सवय लागते, म्हणून मी एवढी भांडतेय.

मग करायचं कसं? उतारा दोनदा वाच, दुसऱ्यांदा वाचताना समासात एवढंच लिही की हे वाक्य कशाला आलंय. पहिलं वाक्य मुद्दा आहे: विहिरीचं पाणी दिसायचं. दुसरं आणि तिसरं वाक्य त्याचा परिणाम, लोक आपणहून जपून वापरायचे, आणि पायऱ्या, ऊस, शेजाऱ्याची नजर हे त्याचे पुरावे. चौथं वाक्य वळण. पाचवं दुसरा मुद्दा: आता पाणीही दिसत नाही आणि कोण किती उपसतो तेही दिसत नाही. सहाव्या-सातव्यात त्याचा परिणाम, पैशाप्रमाणे पाणी, आणि नशीबबिशीब ही सजावट. आठवं सूट देणारं वाक्य, नववं त्याचा आधार, आणि आठव्याला फार जपायचं, कारण ते छोटं असतं आणि पटकन गळतं, आणि गळलं की लेखकाचा सूर बदलतो. दहावं म्हणजे उताऱ्याचा गाभा, अकरावं त्याला दिलेला इशारा.

आता उतारा झाक. खरंच वही उलटी ठेव. आणि समासातल्या टिपांवरून, शेवटच्या मुद्द्याला जागा आधी राखून, सलग लिही. शब्द अजून मोजायचे नाहीत. पहिल्या फटक्यात माझं पहिलं वाक्य असं झालं:

> पूर्वीच्या काळी गावात असणाऱ्या सार्वजनिक विहिरीतले पाणी कमी होत चालले आहे हे सर्व गावकऱ्यांना दिसत असे, त्यामुळे त्या पाण्याच्या वापरावर आपोआपच एक प्रकारचा सामाजिक अंकुश राहत असे.

२७ शब्द. ४० पैकी २७ एकाच वाक्यात गेले तर पुढे खायचं काय. पण यातला एकही मुद्दा काढायची गरज नाही, नुसती चरबी काढायची. "कमी होत चालले आहे" हे चार शब्द, त्यांच्या जागी "घटते" हा एक. "हे सर्व गावकऱ्यांना" ऐवजी "सर्वांना", विहीर गावातलीच आहे तर दुसरं कोण बघणार. "दिसत असे, त्यामुळे" ऐवजी "दिसत असल्याने". "एक प्रकारचा" काही सांगतच नाही, तो गेला. "राहत असे" ऐवजी "राही", आणि "राही" म्हटलं की गोष्ट पूर्वीची आहे हे आपोआप आलं, म्हणून "पूर्वीच्या काळी" पण गेलं. मराठीत क्रियापदाचं रूप आणि प्रत्यय एवढं काम करतात की वेगळे शब्द लागतच नाहीत, फक्त बोलताना आपल्याला पसरून बोलायची सवय असते ती लिहिताना आडवी येते. पुढची तीन वाक्यं अशीच घासून शेवटी हे उरलं:

> सार्वजनिक विहिरीतले घटते पाणी सर्वांना दिसत असल्याने त्याच्या वापरावर आपोआप सामाजिक अंकुश राही. बोअरवेलमुळे पाणी आणि उपसा दोन्ही दृष्टीआड झाले. ऐपतवाला खोल जातो, गरीब कोरडा राहतो. बोअरवेल उपयुक्त असली, तरी अदृश्य पाण्याचा सामूहिक हिशेब ठेवल्याशिवाय हा बेसुमार उपसा थांबणार नाही.

हे पण ४० च शब्द. पहिलं वाक्य २७ चं १३ झालं. मार्च, ऊस, सहा इंच, चारशे फूट, फुटकं नशीब, एकही आत नाही, पण "उपयुक्त असली, तरी" मध्ये लेखकाची सूट शाबूत आहे आणि शेवट त्याच्याच म्हणण्यावर होतोय. "सामाजिक अंकुश" हे शब्द उताऱ्यात कुठेच नाहीत, पायऱ्या आणि शेजाऱ्याची नजर या दोन्ही चित्रांना मिळून ते एक नाव आहे, आणि स्वतःच्या शब्दांत लिहा म्हणतात ते हे. अर्थ तोच ठेवून नुसते समानार्थी शब्द टाकत जाणं म्हणजे स्वतःचे शब्द नव्हेत, "पाणी" च्या जागी "जल" लिहून काय मिळणार? आणि माझं मत सांगायचं तर मला वाटतं की गावांनी बोअरवर मर्यादा घालावी, पण ते उताऱ्यात नाही, म्हणून सारांशात त्याला जागा नाही. अंदाजाने विषय धरून जे लिहिलंस त्यात मात्र सगळं तुझंच मत असणार, नाही का?

मोजणीबद्दल एकदोन गोष्टी. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटतात, "झाडाखाली" हा एक शब्द, "शेतकरीसुद्धा" हा एक शब्द, त्यामुळे मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा कमी शब्दांत बसतो. म्हणून इंग्रजी लेख ६०० शब्दांचा घेऊन त्याचा मराठी सारांश २०० शब्दांत करायचा सराव केलास तर तुला फुकटची मोकळी जागा मिळते आणि परीक्षेत ती मिळत नाही. मराठीच्या पेपरासाठी मराठीच उतारा घे. दुसरं म्हणजे शब्द वाचवायला उगाच समास जोडू नकोस, "पाणीवापरहिशेब" असलं काहीतरी, तपासणाऱ्याला ते लगेच कळतं आणि वाचताना दात वाजतात. "सुमारे" म्हणजे नेमकं किती इकडेतिकडे चालेल, तर २०० साठी मी मुलांना १९० ते २०५ सांगते, हा काही आयोगाचा नियम नाही, माझा आपला अंदाज. आयोगाचं म्हणणं एवढंच असतं की मर्यादेपेक्षा फार कमी-जास्त झालं तर गुण कापले जाऊ शकतात. फार कमी पण, हे लक्षात ठेव, १२० शब्दांत उरकलेला सारांश हुशारीचा धरत नाहीत.

वेळ लावून बस. मराठीच्या पेपरात ३०० पैकी ६० गुण सारांशाला आहेत आणि वेळ तीन तास, म्हणजे गुणांच्या हिशेबाने ३६ मिनिटं वाट्याला येतात. त्यात वाचन आणि टिपा साधारण १२, लिहिणं १२, मोजणं आणि छाटणं ५-६, उरलेल्या वेळात स्वच्छ प्रत. या पेपरात २५ टक्के मिळाले की झालं, गुण मेरिटला धरत नाहीत, म्हणून सगळे याच्याकडे काणाडोळा करतात, पण त्यात अडकलीस तर बाकीच्या पेपरांचे गुण विचारातच घेत नाहीत, हे तुलाही माहीत असेलच.

आणि तुझ्या पीडीएफमध्ये उतारा नसलेल्या प्रश्नांखाली नमुना उत्तर असेल, असतं कधीकधी, तर ते पाठ नको करूस. २०० शब्दांचं छान गुळगुळीत उत्तर उताऱ्याशिवाय वाचलं की ते बरोबरच वाटतं, माझा वरचा पहिला ४० शब्दांचा नमुना सुद्धा उतारा न बघता वाचला असतास तर चांगला वाटला असता. काय गाळलंय ते दिसल्याशिवाय सारांशाची परीक्षा होत नाही.

तपासायला मात्र मैत्रीण चांगली उपयोगी येईल. तिला उतारा न दाखवता तुझा सारांश दे आणि तीन गोष्टी विचार: लेखकाला शेवटी काय हवंय, कुठली गोष्ट तो मान्य करतो, आणि कारण काय देतो. तिची उत्तरं उताऱ्याशी ताड. ती म्हणाली की लेखक बोअरवेलच्या विरोधात आहे, तर तुझं सूट देणारं वाक्य गळलंय. ती म्हणाली की शेवटी काय हवंय ते कळलं नाही, तर तू वरून छाटत आलीस आणि जागा संपली. मग तिने केलेला सारांश तू उतारा न बघता वाच, तिलाही कळेल की अंदाजाने लिहिण्यात काय जातं ते.

राहता राहिला परीक्षेचा प्रश्न, तू विचारला नाहीस पण तुझ्या पत्रामुळे डोक्यात आला. हातात आलेल्या पेपरात खरंच उतारा नीट छापलेला नसला, पान कोरं किंवा पुसट असलं, किंवा कॉम्प्युटरवरच्या एखाद्या परीक्षेत उताऱ्याचा फोटो उघडलाच नाही, तर लगेच हात वर कर, पर्यवेक्षकांना दाखव, प्रश्नाचा नंबर सांग, आणि ते येईपर्यंत दुसरा प्रश्न लिहायला घे. पेपर हातात आल्याबरोबर पानं उलटून बघायची ती एवढ्यासाठीच, शेवटच्या वीस मिनिटांत कळलं तर कुणी काही करू शकत नाही. काहीही झालं तरी तिथे अंदाजाने विषय धरून लिहू नकोस. आणि आत्ता त्या पीडीएफमधले रिकाम्या चौकोनांचे प्रश्न पेनाने काट मारून टाक, नाहीतर रिव्हिजनच्या वेळी परत तिथेच अडकशील.